चितळ पळाले तरी अंतर मोजता येते: एका वाचकाच्या आक्षेपांना उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया:
«मी गेल्या हिवाळ्यात विदर्भातल्या एका व्याघ्र प्रकल्पात तीन महिने इंटर्न होतो. रानात आखलेल्या सरळ रेषेवरून, म्हणजे ट्रान्सेक्टवरून, चालत प्राणी मोजण्याविषयीचा आपला लेख वाचून वाटले की आपण रानाला हिशेबाची वही समजता. अ‍ॅप जीपीएस नोंदवतेच, मग होकायंत्र आणि रेंजफाइंडर घेऊन अंश मोजत बसले की तेवढ्यात चितळ पळून जातात. वीस-वीस वर्षे रान तुडवलेले वनरक्षक नुसत्या नजरेने अंतर सांगतात, ते चुकीचे कसे? परतताना दिसलेले प्राणी ट्रान्सेक्टमध्ये धरायचे नाहीत आणि काही दिसले नाही तरी फॉर्म भरायचा, हेही मला पटत नाही. दिसले ते लिहावे, न दिसले ते लिहू नये, इतके हे साधे आहे.»

उत्तर:

आपला एक आक्षेप मला मान्य आहे आणि तो आधी नोंदवतो. वनरक्षकांच्या अंदाजाविषयी मी मूळ लेखात लिहिलेले वाक्य तुटक होते आणि त्यातून त्यांच्या नजरेवर अविश्वास दाखवल्यासारखे झाले. रेषेवर चालताना प्राणी बहुतेक वेळा त्यांनाच आधी दिसतो, ऐनाच्या सावलीत निश्चल उभे असलेले सांबर मला दाखवूनही दिसले नाही असे अनेकदा घडले आहे, आणि त्यांची सोबत नसती तर माझ्या फॉर्मवरच्या निम्म्या नोंदी झाल्याच नसत्या. माझा मुद्दा प्राणी कोणी शोधावा याविषयीचा नव्हता, शोधल्यानंतर अंतर कशाने मोजावे याविषयीचा होता.

अ‍ॅप नोंदवते ती जागा आपली असते, प्राण्याची नव्हे. आपण रेषेवर कोठे उभे होतो हे जीपीएसवरून कळते, परंतु कळप रेषेपासून किती लांब होता हे त्यात कोठेच नसते. ट्रान्सेक्टवर आपण रानातले सगळे प्राणी मोजत नाही. जवळचे बहुतेक दिसतात, लांबचे थोडे दिसतात, आणि बांबूच्या किंवा घाणेरीच्या दाटीत पन्नास मीटरपलीकडचे फारच थोडे दिसतात. आपल्या नजरेतून किती प्राणी सुटले असावेत याचा अंदाज बांधण्यासाठी एकच आधार असतो, तो म्हणजे दिसलेल्या प्रत्येक कळपाचे रेषेपासूनचे लंब अंतर. अगदी रेषेवर असलेला प्राणी सुटत नाही असे गृहीत धरले जाते, आणि अंतर वाढते तशा नोंदी कशा विरळ होत जातात यावरून रेषेच्या एका बाजूची प्रभावी रुंदी, म्हणजे किती मीटरपर्यंतचे सगळे प्राणी दिसल्यासारखे धरावे ते, काढली जाते. भारतात मोठ्या तृणभक्षी प्राण्यांसाठी ही पद्धत कर्नाटकातल्या नागरहोळेत वन्यजीवशास्त्रज्ञ के. उल्हास कारंथ आणि मेल सनक्विस्ट यांनी वापरली आणि त्या कामाचा निबंध १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. आज व्याघ्रगणनेच्या वेळी वनरक्षक आपापल्या बीटमध्ये सुमारे दोन किलोमीटरच्या रेषेवर चालतात, तेव्हा चितळ, सांबर, नीलगाय, रानगवा यांच्या नोंदींमागे हेच गणित असते.

आता चितळ पळून जाण्याविषयी. समजा रेषेची दिशा ४० अंश आहे आणि उजवीकडे सात चितळांचा कळप चरताना दिसला. आपण थांबलो, कळपाच्या मध्याकडे होकायंत्र रोखले तेव्हा ७५ अंश आले, रेंजफाइंडरने अंतर ६२ मीटर दाखवले. दोन्ही दिशांमधला कोन ३५ अंश झाला, त्याची साइन ०.५७४, म्हणजे लंब अंतर सुमारे ३६ मीटर. ही वजाबाकी आणि गुणाकार रानात करू नये. फॉर्मवर ४०, ७५ आणि ६२ हे तीनच मूळ आकडे लिहावेत, कारण रानातल्या वजाबाकीत झालेली चूक संध्याकाळी शोधता येत नाही आणि मूळ आकडे असतील तर ती होतच नाही.

हे सगळे करायला चितळांनी थांबावे लागत नाही. दिसताक्षणी दोन गोष्टी कराव्यात: संख्या मोजावी, आणि कळपाचा मध्य ज्या झाडाजवळ आहे ते झाड डोळ्यांत धरावे. मग चितळांना खुशाल पळू द्यावे. आपण मोजतो ती जागा आहे, प्राणी नव्हे, आणि ऐनाचे खोड कोठे पळत नाही. खोडावर रेंजफाइंडर रोखण्याचा आणखी एक फायदा असा की बांबूच्या बेटातून थेट प्राण्यावर रोखले तर किरण मधल्याच कांडीवर आदळतो आणि ६२ ऐवजी १८ मीटर दाखवतो. मात्र पळत जाऊन कळप पुढे थांबला ती जागा कधीही नोंदवू नये. माणसाच्या चाहुलीने प्राणी रेषेपासून लांब सरकतात, ती सरकलेली जागा लिहिली तर रेषेजवळच्या नोंदी कमी होतात आणि घनता प्रत्यक्षापेक्षा कमी निघते.

कळपाच्या मध्याऐवजी सर्वांत जवळच्या चितळाकडे मोजण्याची सवय याच्या उलट दिशेने चुकवते. वरच्याच कळपातले जवळचे चितळ समजा ६६ अंशांवर आणि ४८ मीटरवर होते. कोन २६ अंश, लंब अंतर २१ मीटर. कळप तोच, जागा तीच, पण नोंद १५ मीटरने रेषेजवळ आली. एका इंटर्नने मध्य धरला आणि दुसऱ्याने जवळचे चितळ धरले, तर दोघांचे फॉर्म एकत्र केल्यावर ही गफलत कोणालाही वेगळी काढता येत नाही, म्हणून पहिल्या दिवशी ठरलेली रीत हंगाम संपेपर्यंत बदलू नये असा माझा आग्रह होता.

मी स्वतः केलेली चूक यापेक्षा ढोबळ होती. पहिल्या महिन्यात रेषेच्या पुढे, जवळजवळ समोरच दिसलेल्या प्राण्यांसाठी मी होकायंत्र न रोखताच कोन शून्य लिहीत असे. समोर ७० मीटरवर असलेला प्राणी तीन अंश बाजूला असला तरी त्याचे लंब अंतर सुमारे साडेतीन मीटर भरते, शून्य नव्हे. महिन्याअखेर ४१ नोंदींचा स्तंभालेख काढला तेव्हा पहिला खांब उंच मनोऱ्यासारखा उभा होता, कारण नऊ नोंदी नेमक्या शून्यावर होत्या. त्या दुरुस्त करणे शक्य नव्हते. विश्लेषण करणाऱ्यांनी पहिला गट रुंद, शून्य ते वीस मीटरचा केला, म्हणजे शून्य आणि साडेतीन दोन्ही त्याच गटात पडले आणि चूक बरीचशी झाकली गेली. झाकली गेली हाच शब्द बरोबर आहे, कारण गट रुंद केल्यावर रेषेजवळच्या वीस मीटरांत काय घडते हे पाहण्याची सोय त्या महिन्यापुरती गेली.

शून्यावर साचलेल्या अशा ढिगाने निष्कर्ष किती बदलतो हे सोयीचे आकडे घेऊन पाहा. दहा रेषा, प्रत्येकी दोन किलोमीटर, प्रत्येक रेषेवर सहा वेळा चाल, म्हणजे १२० किलोमीटर. कळप दिसले ६०, एका कळपात सरासरी चार चितळ. प्रभावी रुंदी एका बाजूला ४० मीटर निघाली, तर दोन्ही बाजू मिळून ९.६ चौरस किलोमीटर क्षेत्र प्रभावीपणे पाहिले गेले, चौरस किलोमीटरला ६.२५ कळप, म्हणजे २५ चितळ. शून्याच्या ढिगामुळे तीच रुंदी ३२ मीटर निघाली तर चितळ ३१ होतात. रानात एक पाडस न जन्मता संख्या चौथ्या हिश्शाने वाढली.

अनुभवी नजरेचा अंदाजही येथेच अडतो. तो बहुधा फारसा चुकत नाही, पण तो गोल असतो: तीस, चाळीस, पन्नास. नोंदी या आकड्यांभोवती साचतात आणि मधले आकडे ओस पडतात. आपल्या स्वतःच्या फॉर्मवर हे तपासणे सोपे आहे. होकायंत्राचे वाचन एकेका अंशाने घेतले असेल तर साधारण पाचव्या हिश्शाच्या नोंदींचा शेवट ० किंवा ५ ने व्हायला हवा. निम्म्या नोंदी तशा संपत असतील तर होकायंत्र नुसते गळ्यात होते. रेंजफाइंडर बंद पडला तर वनरक्षकांचा अंदाज जरूर घ्यावा, पण शेऱ्याच्या रकान्यात «अंदाज» असे लिहावे. आणखी एक बारीक गोष्ट, जी मला एका वनमजुरानेच दाखवली: त्यांच्या खांद्यावरची कुऱ्हाड होकायंत्राच्या फार जवळ आली तर काटा सरकतो, म्हणून वाचन घेताना ते दोन पावले बाजूला होत.

काहीच न दिसलेल्या चालीविषयी. वरच्या हिशेबात ६० ला ज्या १२० किलोमीटरने भागले, त्यात रिकाम्या सकाळीही आहेत. समजा त्यांतल्या नऊ चालींत काही दिसले नाही आणि आपण फॉर्म भरले नाहीत. चाललेले अंतर १०२ किलोमीटर उरते, आणि ४० मीटरच्या रुंदीनेही चितळ २५ ऐवजी २९ होतात. रिकाम्या फॉर्मवर तारीख, रेषेचा क्रमांक, सुरुवातीची आणि शेवटाची वेळ आणि निरीक्षकांची नावे एवढे असले तरी पुरते.

परतीच्या नोंदींमागे हाच भागाकार आहे. परतताना आपण गप्पा मारतो, वेग वाढलेला असतो, ऊन चढलेले असते, आणि बहुधा रेषेवरून नव्हे तर सोयीच्या गाडीवाटेने येतो. त्या वाटेवर कडेच्या गवतामुळे चितळ जास्त दिसतात, पण त्यांच्यासाठी चाललेले अंतर आणि शोधण्याची रीत वेगळी असल्याने ती नोंद ६० मध्ये घातली तर भाजकात तिच्या वाटचे काहीच नसते. म्हणून मी ती ट्रान्सेक्टच्या फॉर्मवर घेत नाही. आनुषंगिक नोंदींची वही वेगळी असते आणि रानकुत्रा, अस्वल, चौशिंगा यांच्यासारख्या प्राण्यांसाठी तीच अधिक उपयोगी पडते, कारण एका हंगामात ते रेषेवर इतके कमी दिसतात की त्यांची घनता या पद्धतीने काढताच येत नाही. स्वतंत्र अंदाजासाठी साठ ते ऐंशी नोंदी असाव्यात असे मानले जाते, आणि आमच्या हंगामात भेकरांच्याही बाराच झाल्या होत्या.

आपल्या तीन महिन्यांच्या नोंदी अजून हाताशी असतील तर परतीच्या नोंदी ओळखणे कठीण जाऊ नये. चालीच्या शेवटाच्या वेळेनंतरची वेळ ज्यांच्यापुढे असेल त्या वेगळ्या करा, खोडू नका, आणि त्यांच्यापुढे «आनुषंगिक» असे लिहून आपल्या समन्वयकांना कळवा. शेवटाची वेळच लिहिलेली नसेल, तर अ‍ॅपमधल्या जीपीएसच्या मार्गावरून रेषा कधी सोडली हे काढता येईल, आणि या कामासाठी जीपीएस आपण म्हणता तसा पुरेसा आहे.