शेजाऱ्याला पत्र द्या, पण घाई करू नका

सामायिक भिंतीवर मजला चढवायचा तर आधी शेजाऱ्याला पत्र द्यावं, अशी एक अफवा आमच्या लातुरातल्या जुन्या गल्ल्यांत फिरते आहे. तुम्ही तिला बळी पडलाच, तर निदान पत्र आमच्या शेजाऱ्यांसारखं द्या. शेजारी लग्नाला गावी गेला की त्याच्या अंगणात परांची उभी करायची आणि तो बॅगा घेऊन दारात उतरला की हातात चिठ्ठी ठेवायची: 'काका, थोडं काम काढलंय. आपली हरकत नसेलच.'

तारीख घालू नका. सुरू व्हायची घातली की लोक संपायचीही विचारतात.

जागा किती लागेल, तेही गुलदस्त्यात ठेवा. एकेरी बांबूच्या परांचीत उभे बांबू भिंतीपासून साधारण चार फुटांवर येतात आणि आडव्यांची टोकं भिंतीत भोकं पाडून टेकवतात. हे आधी कळलं तर शेजारी तुळस, सायकल, पाण्याची टाकी हलवून ठेवेल. मग तुमचा गिलावा पडायचा कशावर? ताडपत्रीचा आणि ती भोकं बुजवण्याचा विषय तर काढूच नका.

भिंत बघायला इंजिनिअरही नको. 'आजोबांच्या वेळची आहे, काही होत नाही' एवढं पुरे. आमची भिंत माळवदाच्या काळातली, दगड-मातीची. दोन्ही बाजूंना दगडांचे थर, मध्ये चिपा आणि माती भरलेली. दोन्ही थरांना बांधणारे लांब आरपार दगड घातलेले असले तर ठीक, नाहीतर वर भार आला की थर एकमेकांपासून सुटतात आणि भिंतीला पोट येतं. अशा भिंतीवर नऊ इंची विटांची दहा फूट उंच भिंत चढवली, तर लांबीच्या दर फुटाला अंदाजे 400 किलो होतात. त्यावर दहा फूट रुंद खोलीचा पाच इंची स्लॅब टाकला की त्याचा निम्मा भार याच भिंतीवर, म्हणजे फुटाला आणखी दीडशेच्या आसपास. माणसं, कपाटं, वरची टाकी वेगळीच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे आपल्याच जिल्ह्यात किल्लारीला अशाच भिंती माणसांच्या अंगावर आल्या. पण ते आपल्याला लागू नाही हो, आपल्या भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा आहे ना! आतलं पोट त्याखाली झाकलं जातं, म्हणजे नाहीसंच होतं. ओळंबा सोडला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. भेगांचे तारखेनिशी फोटो काढले असते तर पुढे कोणती भेग जुनी, कोणती नवी, यावर भांडण उरलं नसतं. आणि स्वतःच्या हद्दीत पाया घेऊन कॉलम उभे केले असते तर भिंतीला हातही लावावा लागला नसता. पण मग खोलीतले नऊ इंच जातात! नऊ इंचांसाठी माझ्या लेकरांच्या डोक्यावर भार ठेवायचा?

असो. सल्ल्याकडे वळू.

परवानगी तोंडी घ्या, तीही घरातल्या बाईमाणसाकडून, चहा चालू असताना. त्या 'हो, करा की' म्हणाल्या की परांची, भिंत, मजला, सगळ्यालाच होकार मिळाला असं धरा. यात मोठी सोय आहे. 1882 च्या ईझमेंट कायद्याच्या कलम 60 प्रमाणे परवानगीवर विसंबून कुणी खर्च करून पक्कं बांधकाम केलं, तर ती परवानगी मग जमीनमालकाला मागे घेता येत नाही. म्हणून परांचीची तात्पुरती परवानगी आणि भिंतीवर बांधायची संमती हे दोन वेगळे कागद करू नका. एकाच 'हो'मध्ये दोन्ही उरका.

इंग्लंडात 1996 च्या कायद्याने सामायिक भिंतीवर काम काढण्यापूर्वी दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. आपल्याकडे तसा कायदा नाही. म्हणून आपण मोकळे.

मोकळे कसले? भिंत दोघांची आहे. दुसऱ्याला न विचारता उंच केली तर तो कोर्टातून काम थांबवू शकतो. तुमच्या हातात महानगरपालिकेचा परवाना असेल, तो तुमच्या नकाशाचा आहे, माझ्या अंगणाचा नाही. मागितली असती तर परांचीला जागा दिली नसती का मी? कुठून कुठवर, कोणत्या तारखेपर्यंत, कामाची वेळ काय, गवंडी कोण, नुकसान झालं तर कोण भरणार, एवढं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्यायला किती वेळ लागतो? घराचा नकाशा काढायला तुम्हाला वेळ होता, शेजाऱ्याच्या दाराची कडी वाजवायला नव्हता. याला आगाऊपणा म्हणतात. रविवारी इंजिनिअर आणि ओळंबा घेऊन या, भिंत दोघं मिळून बघू. तोवर तिच्यावर एक वीटही चढवायची नाही, आणि माझ्या तुळशीवरचा तो माल आजच्या आज काढायचा.