माझ्या आठवड्यात चोवीस तास असतात

सोमवारी सकाळी माझ्याकडे चार कामं होती आणि चौघांनाही याच आठवड्यात उजवून टाकायचं होतं. महिन्याचा अहवाल बुधवारी, ग्राहकासाठीचं प्रेझेंटेशन गुरुवारी, जुन्या ग्राहकांच्या यादीची साफसफाई शुक्रवारी आणि नव्याने रुजू झालेल्या मुलाला काम शिकवणं 'जमेल तसं'. चारही कामांना मी 'हो' म्हटलं होतं. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांना, पण त्याच एका तोंडाने.

मॅडमना मेल लिहून मुदती पुढे ढकलून घ्याव्यात असं ठरवलं. पहिला मसुदा दहा मिनिटांत उतरला. त्यात तीनदा 'क्षमस्व' होतं, दोनदा 'थोडंसं' होतं आणि शेवटी 'तरीही मी पूर्ण प्रयत्न करतो' असं वाक्य होतं. वाचून पाहिल्यावर लक्षात आलं की हा मेल मिळालेला माणूस 'बरं, करा प्रयत्न' एवढंच म्हणू शकतो. मी काही मागितलंच नव्हतं. नुसता उसासा टाकला होता, तोही टाइप करून.

दुसरा मसुदा जेवणानंतर लिहिला. त्यात 'माणूस आहे, यंत्र नाही' हे वाक्य होतं. तो कुठे गेला हे विचारू नका.

तिसऱ्या वेळी मात्र मी कागद घेतला. पाच दिवस गुणिले आठ म्हणजे ४० तास. कॅलेंडर उघडून मीटिंगा मोजल्या. ११ तास निघाले, त्यांपैकी एक तास 'मीटिंगा कमी कशा कराव्यात' या विषयावरचा. मेल, फोन आणि 'एक मिनिट आहे का?' यांना मिळून ५ तास धरले. (हे एक मिनिट कधी साठ सेकंदांचं असल्याचं माझ्या पाहण्यात नाही.) उरले २४. लोकांच्या दिवसात चोवीस तास असतात, माझ्या आठवड्यात.

आता कामांचे तास. अहवालापुढे मी बेधडक ६ लिहिलं. मग सहज गेल्या महिन्याच्या नोंदी पाहिल्या. तेव्हाही ६ च धरले होते आणि लागले होते १०. ही खोड माझ्या एकट्याची नाही, हे एक समाधान. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आलं साधारण ३४ दिवस. सगळं काही बिघडेल तितकं बिघडलं तर? साधारण ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे माणूस अगदी काळीकुट्ट कल्पना करतो, तेव्हाही आशावादीच राहतो. तेव्हापासून मी मनाला विचारणं सोडलं आणि नोंदींना विचारलं. अहवाल १०, प्रेझेंटेशन १४, यादी १२, शिकवणं ६. बेरीज ४२. हातात २४. तूट १८ तासांची.

या १८ आकड्याने माझी तब्येत एकदम सुधारली. सकाळपासून मी स्वतःला आळशी, नंतर अन्यायग्रस्त समजत होतो. आता मी फक्त वजाबाकी होतो.

तरी एक फसगत व्हायची होती. अहवाल १० आणि प्रेझेंटेशन १४, बरोबर २४! म्हणजे ही दोन्ही या आठवड्यात, बाकीची पुढच्या. लिहायलाही घेतलं होतं. मग आठवलं की हे २४ तास काही सोमवारी सकाळी एकरकमी मिळत नाहीत, दिवसाला जेमतेम पाचच्या हप्त्याने मिळतात. गुरुवार संध्याकाळपर्यंत हातात पडणार १९. त्यात दोन्ही कामं बसत नाहीत. आठवड्याची बेरीज जुळली तरी गुरुवारी मी उघडा पडणारच होतो, आणि तेही स्वतःच नव्याने मागून घेतलेल्या मुदतीवर. जुनी मुदत चुकली तर लोक कामाला दोष देतात, मागून घेतलेली चुकली की माणसाला.

म्हणून दिवसवार मांडलं आणि मेल असा झाला:

'विषय: या आठवड्याच्या चार कामांचा क्रम, आज निर्णय हवा

मॅडम, या आठवड्यात माझ्याकडे ४२ तासांची कामं आहेत आणि मीटिंगा, मेल व फोन वगळून २४ तास आहेत. तक्ता खाली दिला आहे.

पर्याय १: प्रेझेंटेशन ठरल्याप्रमाणे गुरुवारी. अहवाल बुधवारऐवजी शुक्रवारी संध्याकाळी.
पर्याय २: अहवाल बुधवारी. प्रेझेंटेशन गुरुवारऐवजी शुक्रवारी संध्याकाळी.

दोन्हींत यादी आणि शिकवणं पुढच्या शुक्रवारपर्यंत जाईल. ग्राहक वाट पाहत असल्याने मला पर्याय १ बरा वाटतो. आज संध्याकाळपर्यंत कळवलंत तर उद्या त्याप्रमाणे सुरू करतो.'

बस, एवढंच. 'क्षमस्व' शोधून शोधून काढलं. एक सवयीने विषयाच्या ओळीतही शिरलं होतं.

'पाठवा'वर बोट ठेवून मी वीस मिनिटं बसलो. मन म्हणालं, आज नको, गुरुवारपर्यंत बघू, कदाचित जमेल. हे मन तेच, ज्याने अहवालाला सहा तास सांगितले होते. शिवाय गुरुवारी रात्री जाणारा मेल हा मेल नसतो, कबुलीजबाब असतो. सोमवारी मॅडमच्या हातात ग्राहकाला फोन करणं होतं, काम दुसऱ्याला देणं होतं, वरच्यांना सांगणं होतं. गुरुवारी रात्री त्यांच्या हातात फक्त मी असतो. डोळे मिटून पाठवला.

सात मिनिटांत उत्तर आलं. मी ते आधी लांबून पाहिलं, मग जवळून.

'पर्याय १ ठीक. अहवालाला बुधवार मी आपलं सहज म्हटलं होतं, पुढच्या सोमवारी दिलात तरी चालेल.'

सहज! गेले कित्येक महिने दर पहिल्या बुधवारी माझ्या पोटात जो गोळा येत होता, तो मॅडमनी सहज म्हटला होता. त्या अहवालासाठी मी ताप अंगावर काढला होता. कुणाला कधी हवाय, एवढं एक वाक्य मी एकदाही विचारलं नव्हतं. मुदत म्हणजे दगडावरची रेघ, असं समजून तिच्याभोवती प्रदक्षिणा घालत होतो आणि ती रेघ नव्हतीच, मॅडमनी बोलता बोलता हवेत फिरवलेलं बोट होतं.

मी खुर्चीला टेकलो. आठवड्यात पहिल्यांदाच पाठीला खुर्ची असल्याचं जाणवलं. तेवढ्यात दुसरा मेल आला.

'तक्ता छान आहे. असा सगळ्या टीमचा करून द्याल का? शुक्रवारपर्यंत. अहवाल पुढे गेल्यामुळे तुमचे शुक्रवारचे पाच तास मोकळे झालेच आहेत.'

हिशेब बिनचूक होता. माझाच होता.

मी तक्ता उघडला आणि खाली पाचवी ओळ घातली: टीमचा तक्ता. तासांच्या रकान्यात ५ लिहिलं. जरा वेळ त्या पाचाकडे पाहिलं. ते खोडून ९ केलं, आणि नवा मेल उघडून लिहायला घेतलं: 'विषय: आता पाच कामांचा क्रम'.