डबा सीलबंद आहे, पण बॅच कुणी तपासली?

"शाळेतल्या खेळाडूंनी सप्लिमेंटला घाबरायचं कारण नाही. डबा सीलबंद असेल, एफएसएसएआयचा नंबर असेल आणि वर नॅचरल लिहिलं असेल, तर त्यात बंदी असलेलं काही नसतं. डोपिंगची तपासणी मोठ्या खेळाडूंची होते, शाळकरी मुलांची नाही. आणि सापडलंच काही, तर मुलाला माहीत नव्हतं असं सांगायचं."

नाशिकच्या पालकांच्या ग्रुपवर हा मजकूर गेल्या महिन्यात मला तीनदा आला. मी अकरावी-बारावीच्या मुलांकडून आठशे आणि पंधराशे मीटरची तयारी करून घेतो. तिसऱ्या वेळेस मजकूर आला त्याच आठवड्यात एक मुलगा सकाळी मैदानावर डबा घेऊन आला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

एफएसएसएआयचा नंबर म्हणजे माल बनवणाऱ्याकडे किंवा विकणाऱ्याकडे खाद्यपदार्थाचा परवाना आहे, एवढंच. तुमच्या हातातली बॅच स्टिरॉइडसाठी तपासली, असा त्याचा अर्थ होत नाही. ज्या यंत्रात आदल्या दिवशी हार्मोनची पावडर मिसळली त्याच यंत्रात दुसऱ्या दिवशी प्रोटीन भरलं, तर यंत्राला चिकटून राहिलेलं थोडंसं त्यात उतरतं. सील त्यानंतर लागतं. जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेने 2000-01 मध्ये 13 देशांतली 634 सप्लिमेंट तपासली होती. त्यांतल्या 94 मध्ये लेबलवर न लिहिलेली हार्मोनसदृश द्रव्यं निघाली. म्हणजे साधारण सातात एक.

"थोडंसं" म्हणजे किती, ते बघा. नँड्रोलोन या स्टिरॉइडच्या जातीचं द्रव्य 10 मायक्रोग्रॅमच्या आसपास पोटात गेलं, तरी बऱ्याच जणांची लघवीची चाचणी मर्यादेबाहेर जाऊ शकते, असं प्रयोगांत दिसलंय. एक स्कूप 30 ग्रॅमचा धरला तर किलोच्या डब्यात 33 स्कूप बसतात. प्रत्येक स्कूपमध्ये 10 मायक्रोग्रॅम यायला अख्ख्या डब्यात एक मिलिग्रॅमचा तिसरा हिस्सा पुरतो. मिठाचा एक बारीक कण घ्या आणि किलोभर पिठात कालवा, असं समजा. एवढ्याने मुलाची ताकद वाढत नाही, कामगिरीत सेकंदाचाही फरक पडत नाही, पण नमुना मात्र पॉझिटिव्ह येतो. दुकानदार प्रामाणिक असला तरी त्याला हे कळायचा मार्ग नाही.

आता त्या मुलाचा डबा. सरावाआधी घ्यायची प्री-वर्कआउट पावडर होती, नातेवाइकाने परदेशातून आणलेली. आम्ही पायरीवर बसून मागचं लेबल वाचलं. घटकांच्या यादीत "प्रोप्रायटरी ब्लेंड" असं लिहून एकच एकत्रित वजन दिलं होतं, कुठला घटक किती याचा पत्ता नाही. त्याच यादीत "जेरेनियम एक्स्ट्रॅक्ट" होतं. फुलझाडाचं नाव, म्हणून घरच्यांना निर्धास्त वाटलं. पण याच नावाआड अनेक वर्षं मिथाइलहेक्झानअमाइन विकलं गेलंय. डीएमएए, डायमिथाइलअमायलअमाइन ही त्याचीच नावं. हे उत्तेजक आहे आणि स्पर्धेच्या काळात त्यावर बंदी आहे. त्या डब्यात ते नक्की होतं असं मी म्हणणार नाही, ते प्रयोगशाळाच सांगेल. पण डीएमएए रक्तवाहिन्या आवळतं, रक्तदाब चढवतं, हृदयाचे ठोके वाढवतं. एप्रिलच्या उन्हात अंतराची शर्यत पळणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराच्या पोटात हे जाण्याची शक्यतासुद्धा मला नको. मी विचारलं, "हे घेतल्यावर काय होतं?" म्हणाला, "सर, हातापायांना मुंग्या येतात, छाती धडधडते, मग पळावंसं वाटतं." मुंग्या अशा पावडरींमधल्या बीटा-अलॅनिननेही येतात, त्याला बंदी नाही. धडधडीने मात्र मला काळजी वाटली. डबा त्याच दिवशी बंद केला आणि त्याला डॉक्टरांकडे पाठवलं.

वजन वाढवण्याच्या पुड्यांचं प्रकरण याहून वाईट आहे. लेबल नसलेल्या "देशी" पुडीत डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. भूक वाढते, चेहरा गोल दिसायला लागतो, घरचे म्हणतात पोरगं भरलं. ती चरबी आणि पाणी असतं, स्नायू नव्हे. बरेच दिवस घेऊन अचानक थांबवलं तर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल हे हार्मोन कमी पडून मूल कोसळू शकतं. त्यामुळे अशी पुडी महिनोन्महिने चालू असेल तर आपल्या मनाने थांबवू नका, डॉक्टरांना दाखवून थांबवा. ॲनाबॉलिक स्टिरॉइड वाढीच्या वयात गेलं तर हाडांच्या टोकाच्या वाढपट्ट्या वेळेआधी बंद होतात आणि उंची तिथेच थांबते. मुलींचा आवाज घोगरा झाला तर तो बहुतेक वेळा परत पहिल्यासारखा होत नाही.

"माहीत नव्हतं" हा बचाव किती चालतो, याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. 2010 च्या राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांत 4x400 मीटर रिलेचं सुवर्ण जिंकणाऱ्या संघातल्या अश्विनी अक्कुंजी, मनदीप कौर आणि सिनी जोस 2011 मध्ये स्टिरॉइडच्या चाचणीत अडकल्या. त्यांचं म्हणणं होतं की प्रशिक्षकाने चीनमधून आणलेल्या जिनसेंगमधून ते आलं. जिनसेंग म्हणजे वनस्पतीच. देशातल्या समितीने एक वर्षाची बंदी दिली, आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने 2012 मध्ये ती दोन वर्षांची केली आणि लंडन ऑलिंपिक हुकलं. 2019 मध्ये एकोणीस वर्षांच्या पृथ्वी शॉला खोकल्याच्या औषधातल्या टर्ब्युटालिन या बंदी असलेल्या द्रव्यामुळे आठ महिने बाहेर बसावं लागलं.

माहीत असो वा नसो, सापडलं की जबाबदारी खेळाडूची, हा नियम मुलांना कठोर वाटतो. वर्गात एका मुलीने विचारलंही, "चूक माझी नसताना शिक्षा मला का?" मी तिला तिच्याच शर्यतीत उभं केलं. शेजारच्या लेनमधली मुलगी मुद्दाम स्टिरॉइड घेऊन आली आणि पकडल्यावर म्हणाली, पावडरीतून आलं असेल. तिच्या मनात काय होतं, हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही. नुसत्या शब्दावर सोडलं तर तुझं पदक गेलं. म्हणून शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, आणि ते कुठून आलं हे दाखवायचं कामही त्याचंच. दूषित डब्यातून आलं हे सिद्ध झालं तर शिक्षा कमी होते. पण त्यासाठी डबा, बॅच नंबर, बिल आणि जमल्यास त्याच बॅचचा न फोडलेला डबा लागतो. जिममधून सुट्ट्या पुडीत आणलेल्या पावडरीचं काय सिद्ध करणार?

वयाबद्दल थोडक्यात. नाडाचे, म्हणजे देशातल्या डोपिंगविरोधी संस्थेचे, नियम अठराच्या आतल्यांनाही लागू आहेत. शिक्षेत मुलांना सवलत आहे, तपासणीतून सुटका नाही. आणि लहान खेळाडू सापडला की प्रशिक्षकाची चौकशी होते. म्हणजे माझीही.

डॉक्टरांनी सांगून सप्लिमेंट घ्यायचंच असेल, तर इन्फॉर्म्ड स्पोर्टसारखं बॅचवार तपासणीचं चिन्ह बघा आणि डब्यावरचा बॅच नंबर त्यांच्या संकेतस्थळावर जुळवा. त्यानेही धोका कमी होतो, शून्य होत नाही.

त्या मुलाची आई नंतर भेटायला आली. म्हणाली, "सर, मग याला प्रोटीन कुठून देऊ?" त्याचं वजन 55 किलो. किलोमागे दीड ग्रॅम धरलं तरी दिवसाला 80-85 ग्रॅम लागतं. आम्ही वहीच्या मागच्या पानावर मांडलं: चार अंडी 24, अर्धा लिटर दूध 16, मुठीपेक्षा थोडे जास्त शेंगदाणे 12, मटकीची उसळ 8, वरण 7, दिवसभरच्या पोळ्या-भाकरी 16. बेरीज 83 झाली. तिने पान फाडून घेतलं आणि विचारलं, अंडी सकाळी द्यायची की सरावानंतर. मी सांगितलं, दोन तेव्हा, दोन तेव्हा.