११ मीटिंग रेकॉर्डिंग दिसत नाहीत, आणि ग्रुपवर फिरणारा मेसेज का चुकीचा आहे

"सर्वांना सूचना. क्लाऊडवरची मीटिंग रेकॉर्डिंग ठराविक दिवसांनी कायमची उडतात, परत कुणालाच मिळत नाहीत. रिसायकल बिन रिकामं असेल तर विषय संपला. ट्रेनिंगची रेकॉर्डिंग तर सोडून गेलेल्या सरांनीच जाताना डिलीट केलीत. आयटीला मेल करून टाईम घालवू नका, इथून पुढं प्रत्येकानं मोबाईलवर रेकॉर्ड करा. फॉरवर्ड करा."

नमस्कार आयटी डेस्क,

वरचा मेसेज गेला आठवडाभर आमच्या कुपवाड प्लँटच्या तिन्ही शिफ्टच्या ग्रुपवर फिरतोय, सातारा युनिटमधून पण मला दोनदा आला, आणि लोक तो खरा धरून गप्प बसलेत म्हणून हा मेल जरा लांब लिहितेय. आधीच्या नोकरीत मी तीन वर्षं टीम्स आणि शेअरपॉइंटचं अॅडमिनचं काम बघितलंय, त्यामुळं अंदाजानं बोलत नाहीये, जे तपासलं तेच सांगते. आज ११ ऑगस्ट २०२५, ही तारीख धरून पुढचे सगळे हिशोब केलेत.

एकूण ११ रेकॉर्डिंग दिसत नाहीत. त्यातली ६ मंगळवारच्या प्रॉडक्शन रिव्ह्यूची, ४ मार्च ते ८ एप्रिल. बाकीची ५ इन्स्पेक्शन ट्रेनिंगची, दर शुक्रवारची, २५ एप्रिल ते २३ मे. तुमच्याकडं "रेकॉर्डिंग गायब" अशी एकच तक्रार आली असेल तर आधी हे दोन गट वेगळे करा कारण दोन्हींची जागा वेगळी आणि कारणही वेगळं. मी मीटिंगच्या चॅटमधल्या जुन्या लिंका कॉपी करून वाचल्या. मंगळवारच्या लिंकमध्ये `.sharepoint.com/sites/` आहे, म्हणजे ती मीटिंग चॅनलमध्ये झालेली आणि फाईल टीमच्या शेअरपॉइंट साईटवर, चॅनलच्या `Recordings` फोल्डरमध्ये होती. शुक्रवारच्या लिंकमध्ये `-my.sharepoint.com/personal/` आहे, म्हणजे ती कॅलेंडरवरून लावलेली मीटिंग, फाईल ज्यांनी मीटिंग लावली त्यांच्या स्वतःच्या वनड्राईव्हमध्ये. सगळा उलगडा या एका फरकातून होतो.

आता दिवसांचं बघू. टीम्सच्या नवीन रेकॉर्डिंगला मुदत असते हे बरोबर आहे, कुणी सेटिंग बदललं नसेल तर ती १२० दिवसांची असते. आपल्याकडं तेवढीच आहे का ते बघायला मी १५ जुलैची रिव्ह्यूची फाईल उघडून तिची माहिती बघितली, एक्स्पायरी १२ नोव्हेंबर दाखवते, मोजून बरोबर १२० दिवस. आणि मंगळवारच्या रेकॉर्डिंगमध्ये ८ एप्रिलचं गायब आहे पण १५ एप्रिलचं अजून आहे. ८ एप्रिलचे १२० दिवस ६ ऑगस्टला भरले, १५ एप्रिलचे परवा १३ तारखेला भरणार होते. म्हणजे हा गट मुदत संपूनच गेला याबद्दल मला शंका नाही. (१५ एप्रिलची मुदत मी आजच वाढवून ठेवलीय, चॅनलच्या मेंबरला फाईल एडिट करायचा हक्क असतो त्यामुळं जमलं.)

पण मुदत संपली म्हणजे फाईल पुसली जात नाही, ती त्या साईटच्या रिसायकल बिनमध्ये जाते आणि तिथं ९३ दिवस राहते. एकच उदाहरण पूर्ण करून दाखवते. १८ मार्चचं रेकॉर्डिंग, १२० दिवस १६ जुलैला भरले, तिथून ९३ दिवस म्हणजे १७ ऑक्टोबर. सगळ्यात जुनं ४ मार्चचं, ते २ जुलैला गेलं, त्याची शेवटची तारीख ३ ऑक्टोबर. म्हणजे सहाच्या सहा आत्ता या घडीला जिवंत आहेत, आणि परत आणल्यावर त्यांची एक्स्पायरीची तारीख निघून जाते त्यामुळं ती लगेच पुन्हा उडतील अशी भीतीही नाही.

मग बिन रिकामं का दिसतं? हाच प्रश्न मला तिसऱ्या शिफ्टच्या एका सुपरवायझरनी विचारला, ते म्हणाले, "ताई, मी स्वतः उघडून बघितलं, एक फाईल नाही." त्यांचं बघणं खोटं नाही. पण शेअरपॉइंट साईटच्या बिनमध्ये साध्या मेंबरला फक्त स्वतः डिलीट केलेल्या फायली दिसतात, बाकीच्यांनी टाकलेल्या दिसत नाहीत, आणि या फायली तर आमच्यापैकी कुणीच डिलीट केलेल्या नाहीत, सिस्टमनी हलवल्यात. साईट कलेक्शन अॅडमिनच्या लॉगिननं उघडलं की सगळं दिसतं, आणि तिथं नसेल तर खाली दुसऱ्या टप्प्याचं बिन असतं ते पण उघडा, ९३ दिवस दोन्ही टप्पे मिळून मोजतात. म्हणजे आमच्या स्क्रीनवरचं रिकामं बिन हा कसलाच पुरावा नाही.

आता ट्रेनिंगच्या रेकॉर्डिंगचं, आणि हे मला सगळ्यात जास्त लागलंय कारण त्यात एका माणसाचं नाव खराब होतंय. ज्या सरांनी ते पाच शुक्रवार दिले त्यांनी आपली रिव्ह्यूची कामं सांभाळून दुपारी दोन-दोन तास गेज कसं धरायचं इथपासून शिकवलं, आणि रेकॉर्डिंग मुद्दाम ठेवलं कारण तासगावकडून एसटीनं येणारी सेकंड शिफ्टची पोरं दुपारी हजर राहू शकत नव्हती. त्यांचा शेवटचा दिवस २० जून. १० जुलैला मी स्वतः ९ मेचं सेशन लावून एका नवीन मुलाला दाखवलंय, पूर्ण चाललं. २४ जुलैला दुसऱ्या मुलाला तीच लिंक दिली तर उघडली नाही. लॉगिन बंद होऊन वीस दिवस झाल्यावरही जी फाईल चालत होती ती त्यांनी जाताना डिलीट कशी केली असेल, एवढं तरी फॉरवर्ड करायच्या आधी कुणीतरी विचारायला हवं होतं.

मुदत संपून गेली म्हणावं तर ते पण बसत नाही, पहिलं सेशन २५ एप्रिलचं, त्याला आज १०८ दिवस झालेत, १२० भरतात २३ ऑगस्टला. मग राहतं एकच कारण. कर्मचाऱ्याचं अकाउंट डिलीट केलं की त्याचं वनड्राईव्ह सेटिंग बदललेलं नसेल तर ३० दिवस तसंच राहतं, शेअर केलेल्या लिंका तोवर चालतात, मग अख्खं वनड्राईव्ह डिलीट होतं. अकाउंट २० जूनला काढलं असेल तर ३० दिवस २० जुलैला भरतात. १० जुलैला चालू, २४ जुलैला बंद, अगदी चपखल बसतं. तरी खात्री हवी असेल तर ऑडिट लॉग बघा, तो साधारण १८० दिवसांचा असतो, कुणी हातानं फाईल काढली असेल तर `FileRecycled` ची नोंद आणि त्या माणसाचं नाव तिथं मिळेल. मला त्यात सरांचं नाव मिळणार नाही असं वाटतं, पण बघून सांगा आणि जे असेल ते ग्रुपवर पण सांगा.

डिलीट झालेलं वनड्राईव्ह पण ९३ दिवस परत आणता येतं, आपल्या हिशोबानं २१ ऑक्टोबरपर्यंत. ते काम मात्र आमच्यापैकी कुणाच्याच हातात नाही, शेअरपॉइंट अॅडमिनलाच करावं लागतं, म्हणून तर मेल तुम्हालाच करायचा असतो. शेअरपॉइंटच्या पॉवरशेलमध्ये हे चालवा:

```
Get-SPODeletedSite -IncludeOnlyPersonalSite
Restore-SPODeletedSite -Identity <URL>
Set-SPOUser -Site <URL> -LoginName <admin> -IsSiteCollectionAdmin $True
```

पहिल्या ओळीनं डिलीट झालेल्या वनड्राईव्हची यादी येईल, त्यात सरांचा पत्ता शोधा, दुसरीनं ते परत येतं, तिसरीनं तुम्हाला आत जायची परवानगी मिळते कारण मूळ मालकाचं अकाउंट आता नाहीये. आत गेल्यावर एक लक्षात ठेवा, ही पाच रेकॉर्डिंग मुदत न संपताच गेलीत त्यामुळं त्यांची जुनी एक्स्पायरी तशीच असणार, आधी ती काढा. २३ ऑगस्टच्या आत झालं तर बरं, नाहीतर पहिलं सेशन तिथल्या तिथं बिनमध्ये जाईल आणि पुन्हा शोधत बसायला लागेल.

मी आत्तापर्यंत काय केलं ते सांगते म्हणजे तुम्ही मला तेच परत करायला सांगणार नाही. अकराही मीटिंगच्या चॅटमधून आणि रीकॅपमधून लिंक उघडून बघितली. चॅनलचं `Recordings` फोल्डर आणि माझं स्वतःचं वनड्राईव्ह, दोन्ही त्यांच्या बिनसकट बघितलं. फाईलच्या नावात मीटिंगचं नाव, तारीख आणि `Meeting Recording` असतं म्हणून तसं सर्च केलं. टीम्सचा कॅशे काढला, ब्राउझरमधून लॉगिन केलं, साताऱ्याच्या सहकाऱ्याच्या मशीनवर त्यांच्या लॉगिननं पण बघितलं, सगळीकडं तेच. कधीकधी अपलोड फेल होऊन रेकॉर्डिंग वनड्राईव्हवर पोचतच नाही आणि चॅटमधून फक्त २१ दिवस डाउनलोड करता येतं, ती शक्यता पण तपासली, पण ही अकराही आम्ही कधी ना कधी लावून बघितलेली आहेत, त्यामुळं ती सोडली.

मोबाईलवर रेकॉर्ड करण्याबद्दल जास्त लिहीत नाही. कस्टमरची ड्रॉईंग स्क्रीनवर असतात, ती दहा जणांच्या फोनमध्ये जाणं बरोबर नाही, आणि फोन बदलला की रेकॉर्डिंग गेलं, तिथं ९३ दिवसांचं बिन नसतं. उलट पुढच्यासाठी मुदतच वाढवा, तासाभराच्या रेकॉर्डिंगला ४०० एमबीच्या आसपास जागा लागते, आठवड्याला दोन मीटिंगसाठी ती जड नाही:

```
Set-CsTeamsMeetingPolicy -Identity Global -NewMeetingRecordingExpirationDays 365
```

हे फक्त नवीन रेकॉर्डिंगला लागू होतं, आधीच्यांची मुदत हातानंच वाढवावी लागते. १५ एप्रिलपासूनच्या रिव्ह्यूची मी एकेक करून वाढवतेय, त्यासाठी तुमची गरज नाही.

तुमच्याकडून हवंय ते एवढंच: टीमच्या साईटच्या बिनमधून ६ फायली, सरांच्या डिलीट झालेल्या वनड्राईव्हमधून ५ फायली, आणि ऑडिट लॉगचं उत्तर. ट्रेनिंगची पाच आधी करा, सोमवारी १८ तारखेला नवीन बॅच जॉईन होतेय. फायली आल्या की मला कळवा, मी त्या ट्रेनिंग चॅनलच्या फोल्डरमध्ये टाकून घेते म्हणजे पुढं कुणाचं अकाउंट बंद झालं तरी तिथं राहतील.

क्वालिटी विभाग, कुपवाड प्लँट