तेलाखालचं पाणी, आणि भिंतीवरचा हरवलेला चौकोन

टाकीत पाण्यावर तेल असेल तर भिंतीवरचं बल कसं काढायचं, याबद्दल परीक्षेच्या तोंडावर मोबाईलवर फिरणारा मजकूर असा आहे: "तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे त्याचं वजन पाण्याने पेललेलं असतं. खालच्या भिंतीवर तेलाचा जोर येत नाही. म्हणून तेलाचा एक त्रिकोण, पाण्याचा एक त्रिकोण, दोघांची बेरीज, झालं! घाई असेल तर सरासरी घनता घ्या, उत्तर तेच येतं. आणि बल कुठे लागतं ते शोधत बसू नका, द्रव कुठलाही असो, तळापासून एक तृतीयांश उंचीवरच लागतं."

एकच टाकी घेऊ आणि शेवटपर्यंत तीच धरू. उभी सपाट भिंत, तिच्या एका बाजूला तळाशी २ मीटर पाणी आणि त्यावर १ मीटर तेल. तेलाची सापेक्ष घनता ०.८, म्हणजे साधारण रॉकेलइतकी. भिंतीची दुसरी बाजू कोरडी. द्रव स्थिर आहे, आणि हवेचा दाब दोन्ही बाजूंना सारखाच असल्याने तो हिशेबात नको. सगळी बलं भिंतीच्या दर एक मीटर लांबीसाठी काढू.

पहिल्या वाक्याचा अर्धा भाग बरोबर आहे आणि घोळ तिथेच सुरू होतो. तेलाचं वजन पाणी पेलतं हे खरंच. पण पाणी ते पेलतं कसं? स्वतःचा दाब वाढवून. आणि द्रवातला दाब फक्त खाली ढकलत नाही, तो सगळ्या दिशांना सारखाच लागतो. तेलाच्या तळाशी दाब ०.८ × ९.८१ × १, म्हणजे ७.८५ किलोपास्कल आहे. तेल-पाण्याच्या हद्दीला चिकटलेल्या पाण्यातही तेवढाच दाब आहे, आणि तिथून खाली तळापर्यंत प्रत्येक पातळीवर पाण्याच्या स्वतःच्या दाबात हे ७.८५ मिळवलेले आहेत. पाणी ते ओझं तळाला जसं देतं, तसंच बाजूच्या भिंतीलाही देतं. तळाशी एकूण दाब ७.८५ अधिक १९.६२, म्हणजे २७.४७ किलोपास्कल.

कुणाला हे कागदावरचं वाटत असेल तर टाकीच्या तळाजवळ भोक पाडून एक उभी पारदर्शक नळी जोडावी, वरून उघडी. तिच्यात फक्त पाणीच चढेल, कारण तळाशी पाणीच आहे. तरंगणाऱ्या तेलाचा जोर खाली पोचत नसता, तर नळीतलं पाणी २ मीटरवर, तेल-पाण्याच्या हद्दीशीच थांबलं असतं. प्रत्यक्षात ते २.८ मीटरवर थांबतं. टाकीतल्या तेलाच्या पृष्ठभागापेक्षा २० सेंटिमीटर खाली, पण हद्दीच्या ८० सेंटिमीटर वर. तळाशी पाणी साठलेल्या तेलाच्या टाकीवर अशी नळी असली की ती टाकीतल्या खऱ्या पातळीपेक्षा कमी दाखवते, त्याचं कारण हेच. ते वरचे ८० सेंटिमीटर म्हणजे १ मीटर तेलाचं पाण्याच्या भाषेतलं वजन.

आता दोन त्रिकोणांची बेरीज. भिंतीवर खोलीनुसार दाबाची आकृती काढली की तिचं क्षेत्रफळ म्हणजेच बल, आणि वरच्या मीटरमध्ये तेलाचा त्रिकोण दिसतो. त्याचं बल अर्धा × ७.८५ × १, म्हणजे ३.९२ किलोन्यूटन. खालच्या २ मीटरमध्ये पाण्याचा त्रिकोण, अर्धा × १९.६२ × २, म्हणजे १९.६२ किलोन्यूटन. पण पाण्याचा त्रिकोण शून्यापासून सुरू होत नाही, तो ७.८५ च्या पट्ट्यावर उभा आहे. तो पट्टा म्हणजे २ मीटर उंचीचा चौकोन, आणि त्याचं बल ७.८५ × २, म्हणजे १५.७० किलोन्यूटन. तिन्ही मिळून ३९.२४. व्हायरल मजकुराच्या पद्धतीने २३.५४ येतात. म्हणजे भिंतीवरच्या बलातला ४० टक्के भाग गायब! ही काही दशांश चिन्हानंतरची चूक नव्हे. तेलाच्या स्वतःच्या त्रिकोणाच्या चौपट बल या चौकोनात आहे. पाणी जितकं खोल तितका चौकोन उंच, त्यामुळे खोल टाकीत वरचं तेल थोडं असलं तरी त्याला हलक्यात घेऊन चालत नाही.

सरासरी घनतेचा सल्ला यापेक्षा जरा बरा आहे, म्हणून तो जास्त फसवतो. १ मीटर ०.८ चं आणि २ मीटर १ चं, म्हणजे सरासरी ०.९३३. त्यावर तीन मीटरचा एकच त्रिकोण काढला की बल येतं ४१.२० किलोन्यूटन. खरं उत्तर ३९.२४. पाच टक्क्यांचा फरक आहे, तेव्हा "उत्तर तेच येतं" हे खरं नाही. गंमत अशी की तळाचा दाब दोन्ही हिशेबांत अगदी सारखाच, २७.४७. तळाचा आकडा जुळला की विद्यार्थ्याला वाटतं सगळंच जुळलं. पण खऱ्या आकृतीची रेघ सरळ नाही. तेलात दाब सावकाश वाढतो, हद्दीवर रेघेला कोपरा येतो आणि पाण्यात तो भरभर वाढतो. सरासरीवाला वरच्या शून्यापासून खालच्या २७.४७ पर्यंत थेट सरळ रेघ ओढतो, आणि मोडलेली रेघ व सरळ रेघ यांच्यामधला अरुंद त्रिकोण फुकटचा मोजतो. तेलाचा आणि पाण्याचा दर मीटरला दाब किती वेगळा वाढतो तो फरक, गुणिले दोन्ही थरांची जाडी, त्याचं अर्धं: १.९६ × १ × २ चं अर्धं, १.९६ किलोन्यूटन. ४१.२० वजा ३९.२४ तेवढेच. वर हलकं आणि खाली जड असेल तोवर ही चूक नेहमी जास्तीच्या बाजूलाच जाते, म्हणून भिंत पडत नाही, फक्त मार्क पडत नाहीत.

उलट्या बाजूला जाणारा शॉर्टकटही वापरात आहे आणि मला तो अधिक धोक्याचा वाटतो. १ मीटर तेल म्हणजे ०.८ मीटर पाणी, तर २.८ मीटर पाण्याचीच भिंत समजा आणि सोडवा. बल येतं ३८.४६, म्हणजे फक्त दोन टक्के कमी. पण तळाशी भिंतीला वाकवणारा मोमेंट जवळपास साडेपाच टक्क्यांनी कमी निघतो, कारण वरचा पृष्ठभाग २० सेंटिमीटर खाली ओढला गेला आणि जे बल गळालं ते सगळं वरचंच. हा बदल फक्त हद्दीखालच्या भागासाठी चालतो. तिथे हद्दीच्या ०.८ मीटर वर पाण्याचा काल्पनिक पृष्ठभाग धरावा, दाबकेंद्राच्या, म्हणजे एकूण बल जिथे लागतं त्या बिंदूच्या, सूत्रातली खोली त्याच पृष्ठभागापासून मोजावी, आणि तेलाचा त्रिकोण वेगळा, त्याच्या खऱ्या जागी ठेवावा. बरेच जण बल काल्पनिक पृष्ठभागावरून काढतात आणि दाबकेंद्राची खोली तेलाच्या खऱ्या पृष्ठभागावरून मोजतात. मग उत्तर कशाशीच जुळत नाही.

राहिला एक तृतीयांशाचा नियम. तिन्ही तुकड्यांचे तळाभोवती मोमेंट घेऊ. तेलाचा त्रिकोण तळापासून २.३३ मीटरवर लागतो, म्हणून ३.९२ × २.३३ म्हणजे ९.१६. चौकोन पाण्याच्या मधोमध, १ मीटरवर, म्हणून १५.७०. पाण्याचा त्रिकोण ०.६७ मीटरवर, म्हणून १३.०८. बेरीज ३७.९३ किलोन्यूटन-मीटर. भागिले ३९.२४, म्हणजे ०.९६७ मीटर. नियम सांगतो बरोब्बर १ मीटर.

फक्त ३.३ सेंटिमीटर? हो, एवढंच. आणि म्हणूनच हा नियम इतकी वर्षं टिकून आहे. त्याची चूक डोळ्यात भरत नाही. एक तृतीयांश हे एकाच द्रवाच्या, पृष्ठभागापासून सुरू होणाऱ्या एकाच त्रिकोणाचं उत्तर आहे. नुसतं तेल असेल किंवा नुसतं पाणी असेल तर ते अचूक. मध्ये हद्द आली की आकृती वर कृश आणि खाली भरदार होते आणि बल नेहमी एक तृतीयांशाच्या खालीच सरकतं. वरचा थर जितका हलका, तितकं जास्त. ट्रान्सफॉर्मरच्या तेलासारखं ०.८८ च्या आसपासचं तेल असेल तर फरक आणखी कमी होतो. पण सरासरी घनतेचं ४१.२० बल १ मीटरवर लावलं की दोन्ही चुका एकाच दिशेने जमा होतात आणि तळाचा मोमेंट ४१.२० येतो, खऱ्यापेक्षा साडेआठ टक्क्यांनी जास्त.

"द्रव कुठलाही असो" हे मात्र कुठे साफ कोसळतं ते बघायचं तर रिफायनरीच्या सांडपाण्यातून तेल वेगळं करणाऱ्या टाकीकडे जावं लागेल. तिथे तेल अडवायला एक उभा पडदा वरून पाण्यात सोडलेला असतो. त्याच्या खाली फट असते, तेल मागे राहतं आणि पाणी फटीतून पुढच्या कप्प्यात जातं. तिथे तेल सतत काढून घेतलं जात असल्याने थर इतका जाड नसतो, पण तुलनेसाठी आपलीच मापं ठेवू: पडदा तेलाच्या पृष्ठभागापासून ३ मीटर खाली गेलेला, मागे १ मीटर तेल. खालची फट उघडी असल्याने तिथे दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हायलाच हवा. म्हणून पुढच्या स्वच्छ पाण्याची पातळी तेलापेक्षा २० सेंटिमीटर खाली राहते, नळीत दिसली तशीच.

आता हद्दीखाली बघा. मागे ७.८५ अधिक पाण्याचा दाब, पुढे ०.८ मीटर जास्त खोल पाण्याचा दाब. प्रत्येक पातळीवर दोन्ही एकसारखे. खालच्या दोन मीटरवर निव्वळ बल शून्य! जे काही उरतं ते तेलाच्या थरातच. पहिल्या २० सेंटिमीटरमध्ये मागे तेल आणि पुढे हवा, म्हणून फरक १.५७ किलोपास्कलपर्यंत वाढतो. तिथून पुढचं पाणी भरून काढायला लागतं आणि हद्दीवर फरक संपतो. हा एक तिरका त्रिकोण झाला: पाया १ मीटर, उंची १.५७, बल ०.७८५ किलोन्यूटन. कोरड्या भिंतीवरच्या बलाचा पन्नासावा हिस्सा. त्याचा मध्य तेलाच्या पृष्ठभागाखाली ०.४ मीटरवर, म्हणजे पडद्याच्या खालच्या कडेपासून २.६ मीटर वर. व्हायरल नियमाने तो १ मीटरवर, बल शून्य असलेल्या भागात शोधला असता.

म्हणून अशा पडद्याचा आधार वरच्या बाजूला लागतो. आणि स्वच्छ पाणी ज्या बांधावरून बाहेर पडतं, त्याची पातळी तेल काढायच्या पन्हळीच्या खाली ठेवावी लागते. तो बांध पन्हळीच्या पातळीला नेला तर तेलाचा थर नीट साचत नाही, आणि तेलाबरोबर पाणीही पन्हळीत उतरायला लागतं. शेजारच्या दोन कप्प्यांमधली सलग भिंत मात्र वेगळी. तिच्याखाली फट नसते, आणि साफसफाईसाठी एक कप्पा रिकामा केला की तिच्यावर पुन्हा पूर्ण ३९.२४ येतात, चौकोनासकट.