नाव खोडलं तरी माणूस ओळखू येतो

"एखाद्या मुलाशी झालेल्या चॅटच्या स्क्रीनशॉटमधलं नाव आणि फोटो खोडून मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला की झालं. त्याला कळणारही नाही, मग नुकसान कसलं?"

आधी खोडण्याचं बघू. फोनच्या एडिटरमधला हायलायटर आरपार दिसणारा असतो. काळ्या रंगाचे तीन-चार फटकारे मारूनही ब्राइटनेस वाढवला की खालची अक्षरं वर येतात. पाठवण्याआधी स्वतः वाढवून बघा. भरीव चौकोन टाका, किंवा नाव आणि डीपीची वरची पट्टीच कापा. कापण्यातही फसगत झालेली आहे: पिक्सेल फोनच्या एडिटरमध्ये कापलेला भाग फाइलमध्ये उरत होता, हे 2023 मध्ये उघड झालं आणि नंतर दुरुस्त झालं. म्हणून कापलेल्या चित्राचा पुन्हा स्क्रीनशॉट काढून तोच पाठवावा.

पण नाव गेलं तरी मजकूर राहतोच. "टिळकवाडी, फिजिओथेरपी, भाऊ गोव्यात, गाव खानापूरकडं" एवढ्यावर बेळगावात माणूस सापडतो. ग्रुपमधल्या कुणाची तरी मावशी त्याच गल्लीत निघते. त्याच्या मराठी-कानडी सरमिसळीवरूनही ओळखणारे निघतात.

आता "नुकसान कसलं" हा भाग. समजा, तुम्ही लिहिलंत, "रविवारी गोगटे सर्कलला भेटू, नाहीतर विषय सोडू." तो म्हणाला, "रविवारी आईला घेऊन कोल्हापूरला दवाखान्यात जायचंय. बुधवारी संध्याकाळी चालेल?" तुम्ही दोन दिवस गप्प. मग त्याचं नुसतं "बरं." आता ग्रुपवर शेवटचे दोनच मेसेज गेले, तर "उडवाउडवी करतोय की गं" हाच निकाल येणार. तुमची अट आणि तुमचा अबोला कुणाला दिसतच नाही. वर त्याच्या आईचं आजारपण आठ जणींच्या फोनात.

त्यापेक्षा एकाच मैत्रिणीला टाइप करून विचारा: "मी रविवार नाहीतर विषय बंद म्हटलं. त्यानं घरचं कारण देऊन बुधवार सुचवला. मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. आता 'बरं' एवढंच आलंय. काय लिहू?" सल्ल्याला लागणारं सगळं यात आहे, कोल्हापूर नाही, दवाखाना नाही. सूर कळत नसेल तरच ती एक ओळ जशीच्या तशी द्या, आणि तिच्या आधीचा तुमचा मेसेजही.

पाठवून झालं असेल, तर व्हॉट्सॲपवर साधारण अडीच दिवसांच्या आत सगळ्यांसाठी डिलीट करता येतं. तोवर कुणाच्या गॅलरीत किंवा बॅकअपमध्ये उतरलेली प्रत मात्र राहू शकते. 'व्ह्यू वन्स'चाही दुसऱ्या फोननं फोटो निघतो.

धमकी किंवा पैशांची मागणी असेल तर उलटं करा: काहीही न खोडता, तारीख आणि नंबरासकट सगळं जपून ठेवा. ते ग्रुपसाठी नाही, पोलिसांसाठी. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.