प्रोस्टेटच्या गोळ्या, पहिल्या डोसची चक्कर आणि एक चुकीचा सल्ला

"वडिलांना प्रोस्टेटचा त्रास आहे? टॅमसुलोसिन चालू करा, गाठ आपोआप विरघळते. फिनास्टराइडने महिनाभरात काही फरक पडत नाही, पैसे वाया. पहिल्याच गोळीने चक्कर आली तर ॲलर्जी समजा आणि कायमची बंद करा. आणि रोज घ्यायची गरज नाही, त्रास होईल त्या दिवशीच घ्या."

असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यातली एकेक गोष्ट तपासू. आधी गाठीबद्दल. टॅमसुलोसिन घेण्याआधी सोनोग्राफीत प्रोस्टेट ५० ग्रॅम असेल, तर तीन महिन्यांनीही ती जवळपास ५० ग्रॅमच दिसते. तरी लघवीची धार मात्र सुधारलेली असते. कारण लघवीचा मार्ग दोन गोष्टींनी अडतो: ग्रंथीचा वाढलेला आकार आणि तिच्यातल्या व मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या स्नायूंचा ताण. या स्नायूंवर अल्फा-१ रिसेप्टर, म्हणजे शरीरातले रासायनिक संदेश पकडणाऱ्या जागा, असतात. नॉरॲड्रेनलिन हे शरीरातलं रसायन त्यांच्यावर बसलं की स्नायू आवळतात. टॅमसुलोसिनसारखा अल्फा ब्लॉकर ती जागा अडवतो, स्नायू सैल पडतात आणि काही दिवसांतच आराम वाटतो. याची उलटी बाजू घराघरात दिसते. सर्दीच्या अनेक गोळ्यांत फिनाइलएफ्रिन असतं, आणि ते नेमके हेच रिसेप्टर चेतवतं. कालपर्यंत बरी लघवी होणाऱ्या माणसाची ती गोळी घेतल्यावर रात्रीत लघवी तुंबू शकते. प्रोस्टेट एका रात्रीत वाढलेली नसते, वाढलेला असतो तो ताण.

गाठ विरघळते असं समजून निर्धास्त राहण्यात खरा धोका आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या MTOPS या अमेरिकी अभ्यासात तीन हजारांवर पुरुषांवर सरासरी साडेचार वर्षं लक्ष ठेवलं गेलं. नुसत्या अल्फा ब्लॉकरने, म्हणजे डॉक्साझोसिनने, त्रास कमी झाला. पण लघवी पूर्ण तुंबण्याचा आणि ऑपरेशनचा दीर्घकाळचा धोका त्याने घटला नाही. तो घटला फिनास्टराइडने आणि दोन्ही औषधं मिळून.

म्हणून फिनास्टराइडला महिन्याभराची परीक्षा लावणं अन्यायाचं आहे. प्रोस्टेट वाढते ती मुख्यतः डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या हार्मोनमुळे, आणि टेस्टोस्टेरॉनपासून ते बनवणारं एन्झाइम म्हणजे फाइव्ह अल्फा रिडक्टेज. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या काही कुटुंबांत हे एन्झाइम जन्मतःच कमी असतं. त्या पुरुषांची प्रोस्टेट आयुष्यभर लहान राहते, हे १९७०च्या दशकात लक्षात आलं आणि औषधाची दिशा मिळाली. या एन्झाइमचे दोन मुख्य प्रकार आहेत. प्रोस्टेटमध्ये प्रामुख्याने असणारा दुसरा प्रकार फिनास्टराइड रोखतं, ड्यूटास्टराइड दोन्ही रोखतं. यात स्नायू सैल करण्याचा भाग नाही, ग्रंथीच हळूहळू आक्रसते. सहा महिने ते वर्षभरात साधारण पाव हिश्श्यापर्यंत. पहिल्या महिन्यात काही न जाणवणं हेच अपेक्षित आहे.

त्या दाव्यात एक कण खरा आहे, तो मी नाकारत नाही. प्रोस्टेट फारशी वाढलेली नसेल तर या औषधाचा उपयोग जवळपास नसतो. लहान ग्रंथीत आक्रसायला उरतं तरी काय? शिवाय काहींची कामेच्छा कमी होते, काहींना छाती दुखरी होते, आणि हे आधीच सांगायला हवं. आणखी एक गोष्ट घरच्यांनी पक्की लक्षात ठेवावी. हे औषध सहा महिने घेतल्यावर रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या तपासणीत पाहिलं जाणारं प्रथिन, निम्म्यावर येतो. त्यामुळे रिपोर्टवर २ आलं तर ते ४ धरून वाचायचं असतं. आणि गोळी नियमित चालू असताना आकडा खाली येऊन पुन्हा चढू लागला, तर तो 'नॉर्मल'च्या मर्यादेत असला तरी यूरॉलॉजिस्टला दाखवायलाच हवा.

आता चक्कर. अल्फा-१ रिसेप्टरचे तीन उपप्रकार आहेत: ए, बी आणि डी. प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या तोंडाशी 'ए' जास्त असतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत, विशेषतः उतारवयात, 'बी'चा वाटा मोठा असतो. आपण उभे राहतो तेव्हा रक्त पायांकडे उतरतं, आणि त्याच क्षणी रक्तवाहिन्या आवळून शरीर मेंदूचा पुरवठा राखतं. हे आवळणं अल्फा-१ मार्गेच होतं. प्राझोसिन, टेराझोसिन, डॉक्साझोसिन हे अल्फा ब्लॉकर तिन्ही उपप्रकार अडवतात, म्हणून उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते.

टेराझोसिन घेणाऱ्या एका काकांचं उदाहरण सांगते. वय ७०, सोबत रक्तदाबाची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी. टेराझोसिन १ मिलिग्रॅमपासून चढवत ५ पर्यंत नेलं होतं आणि चार महिने उत्तम चाललं होतं. मग गावी गेले, गोळ्यांचं पाकीट घरीच राहिलं आणि सहा दिवसांचा खंड पडला. परतल्यावर रात्री आठला त्यांनी नेहमीची ५ची गोळी घेतली. नऊच्या सुमारास लघवीला उठले आणि न्हाणीघराच्या दारात कोसळले. आडवं केल्यावर पाच मिनिटांत शुद्धीवर आले. झोपून वरचा दाब १३०, उभं केल्यावर मिनिटभरात ९०. अंगावर गांधी नाहीत, ओठ सुजलेले नाहीत, श्वासात घरघर नाही.

ही ॲलर्जी नव्हे. ॲलर्जीची लक्षणं झोपून ओसरत नाहीत. इथे तर आडवं होताच मेंदूला रक्त मिळालं आणि माणूस सावरला. गोळीनंतर अर्ध्या ते दीड तासातली वेळही पहिल्या डोसच्या रक्तदाब-घसरणीत बसते. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा दाब २० किंवा खालचा १० ने उतरला, तर ती ही घसरण मानतात. चार महिन्यांत कमावलेली सवय सहा दिवसांत गेली होती, त्यामुळे त्यांच्या शरीरासाठी तो पुन्हा पहिलाच डोस होता आणि तोही पाचपट. लघवी वाढवणाऱ्या गोळीने शरीरातलं पाणी आधीच कमी केलेलं, त्यामुळे घसरण आणखी खोल गेली. काही दिवस गोळी चुकली तर ही औषधं डॉक्टरांना विचारून पुन्हा १ मिलिग्रॅमपासून, रात्री झोपताना सुरू करायची असतात. रात्री उठायचंच झालं तर आधी पलंगाच्या काठावर बसावं आणि लघवीही बसूनच करावी.

काकांना पुढे टॅमसुलोसिन दिलं. ते 'बी'ला फारसं धरत नाही, म्हणून ०.४ मिलिग्रॅमपासूनच सुरू करता येतं. पण चक्कर अशक्य नाही. उपाशीपोटी घेतल्यास रक्तातली पातळी जास्त चढते, म्हणून रोज ठरावीक जेवणानंतर घ्यावं. सिलोडोसिन 'ए'ला आणखी निवडून धरतं. त्याची किंमत अशी की अनेकांना वीर्यस्खलन होत नाही. ते धोक्याचं नाही, पण माहीत नसेल तर माणूस घाबरतो.

एवढं समजलं की 'त्रास होईल त्या दिवशीच' हा सल्ला मला का भयंकर वाटतो, ते कळेल. टेराझोसिनसारखी गोळी आठवड्यातून एकदा घेणारा माणूस दर वेळी पहिलाच डोस घेत असतो. फिनास्टराइड अधूनमधून घेतलं तर ग्रंथी आक्रसतही नाही. लैंगिक ताठरतेसाठीची सिल्डेनाफिलसारखी गोळी सोबत घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, ती दाब आणखी उतरवते.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांच्या सर्जनलाही अल्फा ब्लॉकर गोळीचं नाव सांगा, पूर्वी घेऊन बंद केली असली तरी. बुबुळाची बाहुली मोठी करणाऱ्या स्नायूवरही 'ए' रिसेप्टर असतात. टॅमसुलोसिन घेतलेल्यांचं बुबुळ ऑपरेशनमध्ये लुळं पडतं, हे २००५ मध्ये नोंदलं गेलं. ऐनवेळी गोळी थांबवून ते टळेलच असं नाही, पण सर्जनला आधी कळलं तर तो तयारीनिशी उभा राहतो.